कुणीच दावा न केलेल्या ऑर्डर

इंटरनेटवर माल विकणाऱ्या छोट्या उद्योजकासमोर आठवड्याच्या शेवटी तीन आकडे असतात. पहिला त्याच्या स्वतःच्या दुकानाचा, म्हणजे आठवडाभरात एकूण किती ऑर्डर आल्या त्याचा. दुसरा मेटाचा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींमुळे इतक्या ऑर्डर मिळाल्या, असं ती कंपनी सांगते. तिसरा तसाच, पण गुगलच्या जाहिरातींचा. पहिल्या आकड्यातून उरलेले दोन वजा केले की काही ऑर्डर शिल्लक राहतात. त्यांचं श्रेय कुठल्याच जाहिरात कंपनीने घेतलेलं नसतं. बहुतेक जण त्यांना ‘आपोआप आलेल्या’ म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात.

ही शिल्लक दर आठवड्याला स्वतंत्र आकडा म्हणून मांडून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. धंद्यात या आकड्याला ‘अनॲट्रिब्यूटेड शेअर’ म्हणतात. आपण त्याला बिनदाव्याचा हिस्सा म्हणू. तो काढायला पाच मिनिटं पुरतात, नवीन सॉफ्टवेअर लागत नाही. मुख्य म्हणजे जाहिरात कंपन्यांचे डॅशबोर्ड स्वतःबद्दल जे कधीच सांगत नाहीत, ते या आकड्यातून कळतं.

शहराला पाणी पुरवणारे अभियंते हेच करतात. जलशुद्धीकरण केंद्रातून किती पाणी सोडलं आणि किती पाण्याचं बिल झालं, यातला फरक ते स्वतंत्र मोजतात. त्या फरकात गळती असते, चोरी असते आणि बंद पडलेले मीटरही असतात. फरक एकदम वाढला की यातलं काय बिघडलं ते शोधायला माणसं निघतात. बिनदाव्याच्या ऑर्डरींकडेही असंच पाहायला हवं.

फरक पडतो कशामुळे?

जाहिरात कंपनीला ऑर्डर कळते कशी, इथून सुरुवात करू. दुकानाच्या वेबसाइटवर मेटाचा किंवा गुगलचा एक छोटा कोड बसवलेला असतो. मेटाच्या कोडला सगळे पिक्सेल म्हणतात. ग्राहकाने पैसे भरले किंवा कॅश ऑन डिलिव्हरी निवडली, आणि ‘आपली ऑर्डर मिळाली’ हे पान उघडलं, की तो कोड कंपनीला निरोप पाठवतो. या माणसाने आमची जाहिरात पाहिली किंवा दाबली होती का, हे कंपनी आपल्या नोंदींत शोधते. नोंद जुळली की ती ऑर्डर जाहिरातीच्या खात्यात जमा होते.

ही जुळणी ठरावीक मुदतीतच होते. मेटाची नेहमीची मुदत जाहिरात दाबल्यानंतर ७ दिवस आणि नुसती पाहिल्यानंतर १ दिवस. गुगलवर जाहिरात दाबल्यानंतरची नेहमीची मुदत ३० दिवस. कुणी इन्स्टाग्रामवर जाहिरात दाबली, आवडली, पण घरातला मसाला संपल्यावर पंधराव्या दिवशी ऑर्डर दिली, तर मेटाच्या हिशेबात ती येत नाही. कुणी जाहिरात मोबाइलवर पाहिली आणि ऑर्डर ऑफिसच्या संगणकावरून दिली, तर जुळणी बऱ्याचदा हुकते. कुणाच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं साधन असतं. कुणी जाहिरात पाहून बहिणीला सांगतं आणि ऑर्डर बहीण देते. याशिवाय नेहमीचे गिऱ्हाईक असतात, ते जाहिरातीची वाट पाहत नाहीत.

म्हणजे बिनदाव्याच्या ऑर्डरींत दोन तऱ्हेच्या ऑर्डर मिसळलेल्या असतात. काही खरोखरच जाहिरातीशिवाय आलेल्या, तर काही जाहिरातीमुळेच आलेल्या पण जुळणी हुकलेल्या. नुसत्या आकड्यावरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणूनच या सगळ्या ऑर्डर ‘फुकटच्या’ समजणं चूक, आणि त्या मेटा-गुगलच्या खात्यात त्यांच्या दाव्यांच्या प्रमाणात वाटून टाकणंही तेवढंच चूक.

२०२१ साली काय झालं

२६ एप्रिल २०२१ रोजी ॲपलने आयफोनसाठी आयओएस १४.५ ही आवृत्ती आणली. तेव्हापासून दुसऱ्या कंपन्यांच्या ॲप आणि वेबसाइटवर तुमचा माग काढायचा असेल, तर ॲपला आधी तुमची परवानगी मागावी लागते. पुष्कळ लोकांनी ती नाकारली. त्याच वर्षी जानेवारीत फेसबुकने जाहिरात दाबल्यानंतरची २८ दिवसांची मुदत काढून टाकून ७ दिवसांची नेहमीची केली होती. सप्टेंबर २०२१मध्ये फेसबुकनेच जाहीर केलं, की आयफोनवरून वेबसाइटवर होणाऱ्या खरेदीची वगैरे नोंद आपल्याकडे सरासरी सुमारे १५ टक्के कमी होते आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये, तेव्हा मेटा झालेल्या या कंपनीने, ॲपलच्या बदलामुळे त्या वर्षी सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असा अंदाज सांगितला.

त्या काळात ज्यांच्यासमोर फक्त मेटाचा डॅशबोर्ड होता, त्यांना जाहिराती एकाएकी निकामी झाल्यासारख्या दिसल्या. ज्यांनी एकूण ऑर्डर आणि बिनदाव्याचा हिस्सा शेजारी शेजारी मांडला होता, त्यांना निराळंच चित्र दिसण्यासारखं होतं. दुकानाची एकूण विक्री जवळपास तेवढीच राहिली असेल, मेटाचा दावा घटला असेल आणि बिनदाव्याचा हिस्सा त्याच प्रमाणात वाढला असेल, तर बिघाड मोजमापात होता. गिऱ्हाईक कुठेही गेलं नव्हतं.

हिशेब कसा मांडायचा

समजा, सांगलीतलं एक कुटुंब कांदा-लसूण मसाला आणि चटण्या स्वतःच्या वेबसाइटवरून विकतं. आठवड्याला ४०० ऑर्डर येतात. मेटा १८० ऑर्डरींवर दावा करते, गुगल १२० वर. दोन्ही मिळून ३००. शिल्लक १००, म्हणजे बिनदाव्याचा हिस्सा २५ टक्के.

इथे एक अडचण आहे. एखाद्याने सोमवारी इन्स्टाग्रामवर जाहिरात दाबली आणि बुधवारी गुगलवर शोधून पुन्हा जाहिरात दाबून ऑर्डर दिली, तर ती एकच ऑर्डर दोघंही आपापल्या खात्यात लिहितात. एकमेकांचे दावे त्यांना दिसत नाहीत. अशा दुहेरी दाव्यांमुळे ३०० हा आकडा फुगलेला असू शकतो. टोकाची कल्पना करा, की गुगलच्या सगळ्या १२० ऑर्डर मेटाच्या १८०मध्येच आहेत. मग प्रत्यक्षात १८० ऑर्डरींवरच दावा आहे आणि शिल्लक २२०, म्हणजे ५५ टक्के. खरा हिस्सा २५ आणि ५५ यांच्या मध्ये कुठेतरी असतो. दावे फार फुगले तर दोघांची बेरीज एकूण ऑर्डरींच्याही वर जाते आणि शिल्लक उणे येते. म्हणून २५ टक्के हे सत्य मानू नये. तो एका ठरलेल्या पद्धतीने काढलेला आकडा आहे आणि त्याचा उपयोग मागच्या आठवड्याशी तुलना करण्यासाठी आहे.

तुलना खरी ठरायची तर मोजण्याची पद्धत बदलता कामा नये. एकूण ऑर्डरींत वेबसाइटवर नोंदवलेल्या सगळ्या ऑर्डर धराव्यात, कॅश ऑन डिलिव्हरीच्याही. पार्सल परत आलं म्हणून एकूण आकड्यातून ऑर्डर वजा करायची आणि मेटाच्या दाव्यात ती तशीच ठेवायची, असं केलं तर बिनदाव्याचा हिस्सा उगाच कमी दिसतो. पिक्सेलचा निरोप ऑर्डर नोंदवली तेव्हाच गेलेला असतो, पार्सल परत आल्याचं त्याला कळत नाही. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर घेतलेल्या ऑर्डर आणि ॲमेझॉनसारख्या बाजारातल्या ऑर्डर वेगळ्या रकान्यात लिहाव्यात, कारण तिथे आपला कोड पोचतच नाही.

तारखांचा घोळ याहून फसवा असतो. गुगल नेहमीच्या अहवालात ऑर्डर ज्या दिवशी जाहिरात दाबली त्या दिवसाखाली मांडतं, खरेदी झाली त्या दिवसाखाली नव्हे. सोमवारी दाबलेल्या जाहिरातीची ऑर्डर पुढच्या गुरुवारी आली, तरी ती मागच्या सोमवारच्या खात्यात जाते. म्हणून नुकत्याच संपलेल्या आठवड्याचा दावा सुरुवातीला कमी दिसतो आणि नंतर भरत जातो. यावर दोन उपाय आहेत. गुगलमध्ये `Conversions (by conv. time)` हा रकाना निवडला तर ऑर्डर खरेदीच्या दिवशी दिसते. किंवा प्रत्येक आठवड्याचा आकडा तो संपल्यावर ठरावीक दिवसांनी, समजा दहाव्या दिवशी, उतरवून घ्यायचा आणि पुन्हा बदलायचा नाही.

चढउताराला घाबरायचं कधी, हेही आधी ठरवलेलं बरं. आठवड्याला ४०० ऑर्डर आणि हिस्सा २५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर काहीही बिघडलेलं नसताना निव्वळ योगायोगाने तो चार टक्के वर किंवा खाली जाऊ शकतो. २१ आणि २९ यांच्यात तो हलत असेल तर निश्चिंत राहावं. आठवड्याला ४०च ऑर्डर येत असतील तर हीच हालचाल तेरा-चौदा टक्क्यांची होते आणि आठवड्याच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. अशा दुकानाने चार-चार आठवडे एकत्र करून पाहावं.

तीन आठवडे, तीन वेगळी कारणं

सांगलीच्या या दुकानात काही महिने हिस्सा २४ ते २७ टक्क्यांच्या मध्ये राहिला, असं समजू. मग एका आठवड्यात तो ४१ टक्क्यांवर गेला. अशा वेळी टक्केवारी बाजूला ठेवून तिच्या मागचे तीन आकडे बघायचे. एकूण ऑर्डर ४१०, म्हणजे नेहमीइतक्याच. गुगल १३०, तेही जवळपास नेहमीइतकंच. मेटा मात्र १८० वरून ११२ वर. एकूण विक्री हललेली नाही, एकाच कंपनीचा दावा पडला आहे. याचा अर्थ बहुधा कोड तुटला आहे. त्या आठवड्यात वेबसाइटची रचना बदलली का, पैसे भरण्याची नवीन सोय जोडली का, हे विचारायचं. पुष्कळदा असं होतं, की यूपीआयने पैसे भरून ग्राहक आपल्या ॲपमध्येच थांबतो, दुकानाच्या शेवटच्या पानावर परत येत नाही आणि पिक्सेलचा निरोप जातच नाही. खात्री करायची असेल तर मेटाच्या `Test Events` या पानावर नजर ठेवून एक ऑर्डर स्वतः देऊन पाहावी. निरोप पोचला का, ते तिथे लगेच दिसतं.

हा बिघाड वेळीच पकडला नाही तर नुकसान दुहेरी होतं. मालक मेटाचं बजेट कापतो, हे एक. दुसरं म्हणजे ऑर्डर देणारी माणसं कशी असतात हे मेटाची यंत्रणा याच निरोपांवरून शिकते. निरोप तुटले की जाहिरात कुणाला दाखवायची हा तिचा अंदाजही बिघडतो.

पुढे कधीतरी हिस्सा पुन्हा ४० टक्क्यांवर गेला. या वेळी मेटा १८५ आणि गुगल १२५, दोन्ही जागच्या जागी. पण एकूण ऑर्डर ५२०. टक्केवारी मागच्या वेळेइतकीच, तरी गोष्ट अगदी उलट आहे. जादाच्या शंभरावर ऑर्डर कुठून तरी बाहेरून आल्या आहेत. त्या कुठल्या शहरांतल्या, नवीन गिऱ्हाइकांच्या की जुन्या, कुठल्या दिवशी जास्त, हे दुकानाच्या यादीतूनच दिसतं. एखाद्या पाककृतीच्या चॅनेलने मसाल्याचं नाव घेतलं असेल, एखाद्या वृत्तपत्रात मजकूर आला असेल किंवा आपणच जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला असेल. ऑर्डरच्या शेवटच्या पानावर ‘आमच्याबद्दल कुठे ऐकलंत?’ एवढा एकच प्रश्न आणि मोकळी जागा ठेवली तर अशा आठवड्यात फार उपयोग होतो. लोकांची आठवण पक्की नसते, पण साठ जणांनी एकाच चॅनेलचं नाव लिहिलं तर शंका उरत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण तो चांगल्या बातमीसारखा दिसतो. हिस्सा ८ टक्क्यांवर आला. मेटा २३०, गुगल १३८, एकूण ऑर्डर ४००. जाहिराती चांगल्या चालू लागल्या असं वाटावं असे आकडे आहेत, पण विक्री एका ऑर्डरनेही वाढलेली नाही. वाढले आहेत ते दावे. याचं नेहमीचं कारण म्हणजे एकाच ऑर्डरचे दोन निरोप. ब्राउझरमधला पिक्सेल एक निरोप पाठवतो, आणि अलीकडे अनेक दुकानं सर्व्हरवरूनही मेटाला थेट निरोप पाठवतात. हे दोन्ही निरोप एकाच ऑर्डरचे आहेत हे कळण्यासाठी दोघांवर सारखाच `event_id` असावा लागतो. तो नसला की एक ऑर्डर दोन ठरते.

दुसरं कारण स्वतःच्या दुकानाच्या नावावर गुगलवर लावलेली जाहिरात. जो माणूस दुकानाचं नाव टाइप करून शोधतो, तो बहुधा येणारच असतो. तो जाहिरातीवरून आत आला की बिनदाव्याची ऑर्डर दाव्याची होते, ऑर्डरींची संख्या मात्र तेवढीच राहते. यावर ईबे कंपनीत मोठा प्रयोग झाला. मार्च २०१२मध्ये त्यांनी अमेरिकेत याहू आणि एमएसएनच्या शोधयंत्रांवर ‘ईबे’ या नावाच्या जाहिराती बंद केल्या. थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी २०१५ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापले. जाहिरातीतून येणारे क्लिक गेले, त्यांतले ९९.५ टक्के तिथेच खाली दिसणाऱ्या फुकटच्या दुव्यांवरून परत आले. हा निष्कर्ष ईबेएवढ्या परिचित नावाचा आहे, हे लक्षात ठेवायला हवं. ज्या छोट्या दुकानाच्या नावावर प्रतिस्पर्धी जाहिरात लावतात, त्याची स्थिती वेगळी असू शकते.

या तिन्ही आठवड्यांतून एक नियम हाती लागतो. बिनदाव्याचा हिस्सा बदलला की आधी एकूण ऑर्डर हलल्या की दावे हलले, ते पाहायचं. दावे हलले आणि विक्री स्थिर असेल तर शोध मोजमापात घ्यायचा. विक्री हलली आणि दावे स्थिर असतील तर शोध बाजारात घ्यायचा.

शिल्लक फोडून पाहायची असेल तर

बिनदाव्याच्या ऑर्डरींत जाहिरातीचा वाटा किती आणि दाव्याच्या ऑर्डरींत खऱ्या किती, हे कुठल्याही डॅशबोर्डवर मिळत नाही. ते शोधायचा एक प्रामाणिक मार्ग आहे. काही भागात जाहिरात बंद करून पाहायचं.

सांगलीच्या दुकानाने विदर्भ निवडला, असं समजू. विदर्भातून चार आठवड्यांत साधारण ४०० ऑर्डर येतात. त्यात मेटाचा दावा १७०, गुगलचा १२०, शिल्लक ११०. आता चार आठवडे विदर्भापुरत्या मेटाच्या जाहिराती बंद केल्या, गुगलच्या तशाच ठेवल्या. उरलेल्या महाराष्ट्रात काहीच बदललं नाही आणि तिथली विक्रीही नेहमीसारखी राहिली. ती राहणं महत्त्वाचं आहे. सण किंवा सुट्ट्यांमुळे सगळीकडेच विक्री घटली असती तर विदर्भातली घट जाहिरातीच्या माथी मारता आली नसती.

चार आठवड्यांनी विदर्भात ३०५ ऑर्डर आल्या. गुगलचा दावा १२०च राहिला. मेटाचा अर्थातच शून्य. शिल्लक १८५.

आता हिशेब पाहा. मेटाचा दावा १७० ऑर्डरींचा होता. जाहिरात बंद झाल्यावर विक्री घटली ती ९५ने. उरलेल्या ७५ ऑर्डर दाव्यातून निघून बिनदाव्यात गेल्या, म्हणून तिथली शिल्लक ११० वरून १८५ झाली. जाहिरात नसती तरी त्या येणारच होत्या. एवढ्या छोट्या आकड्यांत योगायोगाला बराच वाव असतो, त्यामुळे ९५ हा आकडा साधारण चाळीस ते दीडशेपर्यंत काहीही असू शकतो. पण मेटाच्या सगळ्या १७० ऑर्डर जाहिरातीनेच आणल्या असतील, ही शक्यता आता फारच कमी झाली.

निकाल उलटाही लागू शकला असता. जाहिरात बंद केल्यावर विक्री २२०ने घटली असती, तर बिनदाव्याची शिल्लकही ११० वरून ६० वर उतरली असती. मग कळलं असतं, की मेटाची जाहिरात स्वतःच्या दाव्यापेक्षा जास्त काम करत होती आणि पन्नासेक ऑर्डर बिनदाव्यात लपल्या होत्या. बजेटचा निर्णय या दोन निकालांत अगदी विरुद्ध दिशांना जातो.

या प्रयोगाला खर्च येतो. चार आठवडे काही विक्री बुडते, आणि जाहिरातीची आठवण लोकांच्या मनात राहत असेल तर चार आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतही नाही. त्यामुळे तो वर्षातून एकदोनदाच करता येतो, तोही दिवाळीचे दिवस टाळून. मधल्या काळात दर आठवड्याला बिनदाव्याचा हिस्सा मांडत राहायचं. प्रयोगाचं उत्तर अजून लागू आहे की परिस्थिती पालटली, हे त्यावरून समजतं. हिस्सा प्रयोगाच्या वेळी होता तिथेच रेंगाळत असेल तर त्याच उत्तरावर बजेट ठरवायला हरकत नाही. तो नेहमीच्या पट्ट्याबाहेर जाऊन दोन-तीन आठवडे तिथेच राहिला आणि कोडही शाबूत असला, तर जुनं उत्तर शिळं झालं असं धरून पुन्हा एक जिल्हा किंवा विभाग निवडावा आणि नव्याने मोजावं.